सहा जीबीचं कीर्तन, चारशे एमबीत

रामनवमीचं कीर्तन. देवळाच्या खांबाजवळ स्टँड लावून घरातल्या कुणीतरी पूर्वरंगापासून पाळण्यापर्यंत सगळं फोनवर टिपलेलं असतं, पन्नास मिनिटांचं सलग रेकॉर्डिंग. संध्याकाळी चिंचवडची आत्या, दुबईचा भाचा, गावातच पण अंथरुणाला खिळलेले आजोबा, सगळ्यांना ते हवं असतं. व्हॉट्सॲपवर टाकायला जावं तर फाइल भलीमोठी निघते. मग कुणी तिचे तुकडे करतं, कुणी फोनच्या स्क्रीनवर व्हिडिओ चालवून तो दुसऱ्या फोनवर शूट करतं, कुणी ॲपच्याच भरवशावर सोडून देतं. पोचतं तेव्हा बुवांचा चेहरा पुसट झालेला असतो आणि झांजांच्या जागी चरचर ऐकू येते.

हे टाळता येतं. पन्नास मिनिटांची सहा जीबीची फाइल चारशे एमबीपर्यंत आणली तरी फोनवर पाहणाऱ्याला सहसा फरक जाणवत नाही. त्यासाठी आकार नेमका कशाने वाढतो हे आधी कळायला हवं, कारण बहुतेक जण चुकीचा खटका दाबतात.

व्हिडिओच्या फाइलचा आकार दोनच गोष्टींवर ठरतो: व्हिडिओ किती वेळाचा आहे आणि दर सेकंदाला किती माहिती साठवली आहे. या दुसऱ्या गोष्टीला बिटरेट म्हणतात. अनेक अँड्रॉइड फोन १०८० या रिझोल्यूशनला, सेकंदाला ३० चित्रं घेताना, सेकंदाला साधारण १७ मेगाबिट माहिती लिहितात. पन्नास मिनिटं म्हणजे ३००० सेकंद. ३००० गुणिले १७ म्हणजे ५१ हजार मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठने भागायचं. येतात सुमारे ६४०० एमबी, म्हणजे सहा जीबीच्या वर. रिझोल्यूशन या हिशेबात थेट कुठेच येत नाही. तेच १०८० ठेवून बिटरेट निम्मा केला की फाइल निम्मी होते. उलट रिझोल्यूशन कमी केलं आणि बिटरेट तसाच राहिला, तर फाइल रेसभरही कमी होत नाही. काही जण व्हिडिओची झिप फाइल करतात. तिचाही उपयोग नाही, कारण व्हिडिओ आधीच दाबलेला असतो आणि झिपला त्यातून पिळून काढण्यासारखं काही उरलेलं नसतं.

मग प्रश्न असा की, सेकंदाला १७ मेगाबिटच्या जागी एकच मेगाबिट ठेवला तर चित्र टिकेल कसं? याचं उत्तर फोन रेकॉर्डिंग कसं करतो त्यात आहे. व्हिडिओ म्हणजे सेकंदाला तीस पूर्ण फोटो नव्हेत. अधूनमधून एक पूर्ण चित्र साठवलं जातं. त्यानंतरच्या चित्रांमध्ये आधीच्यापेक्षा काय बदललं, कोणता तुकडा किती सरकला, एवढंच लिहिलं जातं. बुवा उभे आहेत, मागे पडदा, बाजूला समई, पेटीवाले नि तबलजी बसलेले. पडदा आणि खांब मिनिटभर जागचे हलत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल जवळजवळ काहीच लिहावं लागत नाही. हलतात ते बुवांचे हात, उपरण्याचं टोक, तबल्यावरची बोटं. पण हे सगळं शोधून काढायला वेळ लागतो, आणि फोनला तो वेळ नसतो. समोर घडतंय ते त्याच क्षणी, सेकंदाला तीस चित्रांच्या वेगाने, बॅटरी सांभाळून लिहायचं असतं. त्यामुळे तो फार शोधाशोध करत नाही, सढळ हाताने माहिती ओततो. संगणकाला अशी घाई नसते. तो तेच रेकॉर्डिंग सावकाश तपासतो, कोणता तुकडा मागच्या किंवा पुढच्या चित्रात सापडतो ते धुंडाळतो आणि तेच चित्र फार कमी जागेत लिहितो. गुणवत्ता न गमावता आकार कमी होतो तो मुख्यतः इथे. म्हणूनच हे काम दोन मिनिटांत उरकून देणाऱ्या साधनांवर माझा विश्वास नाही. वेळ दिल्याशिवाय हा फायदा मिळत नाही.

व्हॉट्सॲप काय करतं ते आता लक्षात येईल. व्हिडिओ गॅलरीतून निवडून पाठवला की ॲप तो पाठवण्याआधी फोनवरच, घाईघाईने, पुन्हा दाबतं. २०२३ पासून वर एचडीचं बटण आलं आहे, पण तेही मूळ फाइल पाठवत नाही. फक्त थोडं कमी दाबतं, साधारण ७२० रिझोल्यूशनपर्यंत. आपल्या व्हिडिओत काय आहे याची त्याला पर्वा नसते. तुम्ही काळजीने लहान केलेली फाइलसुद्धा याच वाटेने पाठवली तर ती पुन्हा दाबली जाऊ शकते, आणि दाबलेलं पुन्हा दाबलं की आधीचे डाग पक्के होतात. यातून वाट एकच. आपण मूळ फाइलवरून एकदाच, नीट लहान करायचं आणि नंतर ती फाइल व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. डॉक्युमेंटला ॲप हात लावत नाही. २०२२ पासून अशी फाइल २ जीबीपर्यंत चालते, टेलिग्रामवरही साध्या खात्याची मर्यादा तेवढीच आहे. अँड्रॉइडवर जोडणीच्या चिन्हातून डॉक्युमेंट निवडून फाइल शोधायची. आयफोनवर व्हिडिओ आधी फोटोंमधून फाइल्समध्ये सेव्ह करून घ्यायचा.

मग २ जीबीच्या आत आलं की झालं, असं का नाही? कारण समोरच्याचाही विचार करायचा असतो. डॉक्युमेंट पूर्ण डाउनलोड झाल्याशिवाय दिसत नाही. दिवसाला दीड जीबीचा पॅक असलेल्या आत्याचा सगळा दिवस पावणेदोन जीबीची फाइल खाऊन टाकते, शिवाय फोनमधली जागा जाते ती वेगळीच. तासाभराच्या कार्यक्रमाला तीनशे ते पाचशे एमबी हे मला योग्य माप वाटतं.

आता प्रत्यक्ष काम. संगणक किंवा लॅपटॉप असेल तर हँडब्रेक हा मोफत प्रोग्रॅम घ्या. तो विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो आणि फाइल तुमच्याच मशीनवर राहते. सहा जीबी कुठल्या संकेतस्थळावर चढवत बसावे लागत नाहीत आणि घरचा व्हिडिओ परक्याच्या सर्व्हरवर जात नाही. फोनमधून मूळ फाइल केबलने उतरवून घ्या. ग्रुपवर आलेली प्रत घेऊ नका, ती आधीच दाबलेली असते.

हँडब्रेकमध्ये फाइल उघडली की तयार प्रीसेटची यादी मिळते. त्यातला Fast 720p30 निवडा. १०८० वरून ७२० वर आल्याने प्रत्येक चित्रातले ठिपके सुमारे २१ लाखांवरून ९ लाखांवर येतात. हातातल्या फोनवर कीर्तन पाहताना हा फरक डोळ्याला सापडणं कठीण. मोठ्या टीव्हीवर लावलं तर मात्र जाणवतो, म्हणून तशी शक्यता असेल तर १०८० ठेवा आणि फाइल मोठी होईल हे मान्य करा. शिकवणीच्या व्हिडिओत फळ्यावर किंवा स्लाइडवर बारीक अक्षरं असतील, तिथेही ७२० नको.

त्यानंतर Video या टॅबवर जायचं. एन्कोडर H.264 (x264) असू द्या. त्याखाली Constant Quality ची पट्टी असते आणि तिच्यावर RF असा आकडा. सगळ्या खेळाचा हाच खटका. आकडा लहान तर गुणवत्ता जास्त आणि फाइल मोठी, आकडा मोठा तर उलट. ढोबळ मानाने आकडा सहाने वाढला की फाइल निम्मी होते. ७२० साठी २२ ते २४ ठेवून पाहा. या पद्धतीची खुबी अशी की प्रोग्रॅम सगळ्या मिनिटांना सारखी माहिती वाटत नाही. बुवा संथपणे निरूपण करत असतील तिथे थोडक्यात भागवतो आणि गजरात सगळे उभे राहिले की सैल सोडतो. शेजारीच वेगाची पट्टी असते, ती Slow वर सरकवा. तीच गुणवत्ता त्याने कमी जागेत बसते. जुन्या लॅपटॉपला तास-दीड तास लागेल, लागू द्या. त्याच यादीत ग्राफिक कार्डाच्या मदतीने धावणारे एन्कोडर दिसतील. ते झटपट काम करतात, पण तेवढ्याच गुणवत्तेला फाइल मोठी करतात, म्हणून या कामाला ते नकोत.

आवाजाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. नुसतं भाषण असेल तर ६४ केबीपीएस, मोनो, पुरेसं होतं. कीर्तनाला ते पुरत नाही. झांजेचा नाद कमी बिटरेटला आधी बिघडतो, पाण्यात बुडाल्यासारखा फसफसतो. Audio टॅबवर १२८ ठेवा. पन्नास मिनिटांचा तेवढा आवाज जेमतेम ४८ एमबी होतो, त्यात काटकसर करण्यात अर्थ नाही.

आता लगेच Start दाबू नका. आधी नमुना काढा. रामजन्माच्या कीर्तनात सर्वांत अवघड मिनिट कोणतं? बारा वाजतात, गजर होतो, गुलाल उधळला जातो, फुलं पडतात, सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात, पाळण्याची दोरी हलते. चित्रातला प्रत्येक ठिपका बदलत असतो आणि मागच्या चित्रातून उचलून आणण्यासारखं काही उरत नाही. गुलाल, फुलं, पाऊस, वाऱ्यात हलणारी पानं, नदीचं पाणी, हे सगळे बिटरेटचे मोठे गिऱ्हाईक. हँडब्रेकमध्ये Range च्या जागी Seconds निवडून त्या एका मिनिटाची सुरुवात आणि शेवट टाका आणि फक्त तेवढंच काढा. तसंच निरूपणातलं एक शांत मिनिट काढा.

हे दोन तुकडे फोनवर घेऊन पाहा, संगणकावर नको, कारण पाहणारे फोनवरच पाहणार आहेत. कुठे पाहायचं तेही ठरलेलं आहे. मागच्या काळोख्या पडद्यावर चौकोनी ठोकळे सरकताना दिसतात का? समईच्या उजेडाभोवती पट्ट्या पडल्यात का? बुवांनी मान वळवली की गालावरचे बारकावे पुसले जाऊन चेहरा मेणासारखा होतो का? पुढे बसलेल्या बायकांच्या लुगड्यांचे काठ अजून काठासारखे दिसतात का? यातलं काही डोळ्यावर आलं तर आकडा एक-दोनने खाली आणा. काहीच सापडलं नाही तर एकाने वर नेऊन पाहा.

आकाराचा अंदाजही याच तुकड्यांवरून बांधता येतो. समजा शांत मिनिट ६ एमबीचं आणि गुलालाचं १६ एमबीचं निघालं. पन्नासांपैकी चाळीस मिनिटं शांत आणि दहा गडबडीची धरली, तर २४० अधिक १६०, म्हणजे ४०० एमबी. हेच कीर्तन हातात फोन धरून शूट केलं असतं, तर शांत मिनिटंही शांत राहिली नसती. हात हलला की पडदा, खांब, समई सगळंच सरकतं आणि सगळंच पुन्हा लिहावं लागतं. म्हणून स्टँड. आकार कमी करण्याचं निम्मं काम रेकॉर्डिंगच्या वेळीच होतं. तसंच उजेडाचं. अंधुक देवळात फोन चित्र उजळवतो आणि त्यात रवा उतरतो, जो दर चित्राला वेगळा असतो. तो रवा जपण्यात बिटरेट वाया जातो. एखादा जास्तीचा दिवा लावला तर फाइलही आटोपशीर होते.

कधी कधी आकारच आधी ठरलेला असतो. अशा वेळी RF सोडून त्याच टॅबवर Avg Bitrate निवडायचा आणि आकडा उलट्या बाजूने काढायचा. हवे असलेले एमबी गुणिले ८०००, भागिले सेकंद. ४०० गुणिले ८००० भागिले ३००० म्हणजे १०६६. त्यातून आवाजाचे १२८ वजा केले की ९३८ उरतात, थोडी मोकळीक ठेवून ९०० भरायचे. सोबत दोन फेऱ्यांत काम करण्याचा पर्याय चालू ठेवा. पहिल्या फेरीत प्रोग्रॅम अवघड जागा नोंदवून ठेवतो आणि दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे वाटणी करतो.

याच सूत्राने मर्यादाही समजते. तीच पन्नास मिनिटं १०० एमबीत बसवायची म्हटली तर सेकंदाला २६६ किलोबिट मिळतात. आवाजाला ६४ दिले तर चित्राला २०० उरतात. एवढ्यात ४८० रिझोल्यूशनला बुवा बोलताना ओळखू येतील, पण गुलालाच्या वेळी पडदाभर गुलाबी चिखल दिसेल. कोणताही प्रोग्रॅम हे वाचवू शकत नाही आणि तसा दावा करणाऱ्या जाहिराती खोट्या असतात. इतकं लहान करायची वेळ आली तर सरळ दोन भाग करावेत. कीर्तनात त्याची जागा आयतीच असते: पूर्वरंग संपला, बुवांना हार घातला, नामाचा गजर झाला की पहिला भाग संपतो आणि उत्तररंगाचं आख्यान दुसऱ्यात येतं. सुरुवातीचं माइक तपासणं, मधली खोकलाखोकली, शेवटी स्टँड काढण्याची धडपड हेही आधीच कापून टाका. पाच मिनिटं गेली की दहा टक्के आकार फुकटात कमी होतो. दोन तासांच्या वर असलेल्या कार्यक्रमाला मात्र मेसेजिंग ॲपचा हट्ट सोडून गूगल ड्राइव्हची लिंक पाठवणं चांगलं.

कमांड टाइप करण्याची सवय असलेल्यांना हेच काम एफएफएमपेग या मोफत साधनाने एका ओळीत होतं:

```
ffmpeg -i kirtan.mp4 -vf scale=-2:720 -c:v libx264 -preset slow -crf 23 -c:a aac -b:a 128k -movflags +faststart kirtan-720.mp4
```

यातला crf म्हणजे हँडब्रेकमधला RF.

H.264 हे मानक २००३ सालचं. त्याच्यानंतर २०१३ मध्ये आलेलं H.265 तेच चित्र जवळपास निम्म्या जागेत बसवू शकतं. मग ते का नको? कारण आजोबांच्या जुन्या फोनवर किंवा आत्याच्या ऑफिसच्या संगणकावर ते कदाचित चालणार नाही, आवाज येईल आणि पडदा काळा राहील. घरच्या ग्रुपवर दहा तऱ्हेचे फोन असतात. तिथे २००३ चं मानकच कामाचं.

संगणक नसेल तर फोनवरचं एखादं ॲप वापरता येतं, पण ते निवडताना एक पाहा. नुसतं लहान, मध्यम, मोठं असं विचारणारं ॲप नको. रिझोल्यूशन आणि बिटरेटचा आकडा स्वतः भरू देणारं घ्या आणि वरच्या सूत्राने काढलेला आकडा त्यात भरा. फोन घाईनेच दाबणार, म्हणून संगणकापेक्षा थोडा वाढीव द्या. ९०० च्या जागी १४००-१५०० दिलेत तर चित्र साधारण तसंच राहील आणि फाइल सहाशे एमबीच्या आसपास जाईल.

दोन बिघाड नेहमी दिसतात. पहिला आवाजाचा. फोन उजेडाप्रमाणे सेकंदाची चित्रं कमीजास्त करतो, कधी तीस, कधी चोवीस. काही प्रोग्रॅम याचा हिशेब चुकवतात. सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं, पण चाळिसाव्या मिनिटाला तबल्यावर थाप आधी पडताना दिसते आणि मागून ऐकू येते. हँडब्रेकमध्ये Constant Framerate निवडलं की सहसा हे होत नाही. दुसरा बिघाड रंगांचा. अलीकडच्या आयफोनवर आणि काही अँड्रॉइड फोनवर एचडीआर रेकॉर्डिंग चालू असतं. असा व्हिडिओ साध्या पद्धतीने लहान केला की भगवा फिका पडतो आणि सगळ्यावर राखाडी पडदा ओढल्यासारखा दिसतो. नंतर दुरुस्ती करत बसण्यापेक्षा कार्यक्रमाआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर बंद करणं सोपं.

फाइल एकदा डॉक्युमेंट म्हणून गेली की पुढे कितीही जणांनी फॉरवर्ड केली तरी ती तशीच राहते, ॲप प्रत्येक वेळी नव्याने दाबत नाही. कुणी ती उतरवून, त्यातला तुकडा कापून पुन्हा गॅलरीतून व्हिडिओ म्हणून टाकला की मात्र खराबी सुरू होते. म्हणून फाइलसोबत एक ओळ लिहून टाका: मूळ प्रत माझ्याकडे आहे, तुकडा हवा असेल तर मला सांगा.

आणि ती मूळ प्रत खरोखर जवळ ठेवा. फोनमधली जागा भरली म्हणून ती पुसण्याआधी हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवा. पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीने, म्हणजे फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर चढत नाही, त्यासाठी एक्सफॅट निवडा. लहान केलेली फाइल शेवटची पाच मिनिटं चालवून, आवाज आणि चित्र जुळतं हे पाहून मगच ग्रुपवर टाका.